फोटोतला दगड कोणता? संगमरवर, ग्रॅनाइट, वालुकाश्म आणि चुनखडक ओळखायची रीत

कोल्हापूरकरांच्या डोळ्याला काळ्या दगडाची सवय आहे. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, खिद्रापूरचं कोपेश्वर काळ्या दगडाचं, १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडाही काळ्याच दगडाचा. हा सगळा बेसाल्ट. त्यामुळे सहलीच्या फोटोत वेगळा दगड दिसला की आपल्याकडे दोनच नावं निघतात. पांढरा असला तर संगमरवर, आणि बाकीचं काहीही असो, "हे ग्रॅनाइटच की ओ!" बदामी-हंपीहून आलेल्या अल्बमखाली ही वाक्यं इतकी वाचली आहेत की शेवटी ही रीत लिहून काढावी असं ठरवलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. रंग बघून दगड ठरवू नका. ग्रॅनाइट राखाडी असतो, गुलाबी असतो, पावसाळी शेवाळं वाळलं की काळाही दिसतो. वालुकाश्म लाल, पिवळा, पांढुरका, जांभळट अशा कोणत्याही छटेत सापडतो. संध्याकाळच्या उन्हात काढलेला पांढरा संगमरवर फोटोत जैसलमेरसारखा पिवळा दिसतो, आणि मोबाइलचं कॅमेरा ॲप त्यावर स्वतःची रंगरंगोटी करतं ते वेगळंच. ओळख पटते ती कणांवरून, झिजेवरून आणि थोडीफार चकाकीवरून. मी याच क्रमाने जातो. चकाकी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण सगळ्यात जास्त फसवते तीच.

आधी बघा, फोटोत कण दिसणं शक्य तरी आहे का

ग्रॅनाइटचे कण साधारण दोन ते दहा मिलिमीटरचे असतात. वालुकाश्मातला वाळूचा कण बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. दाट चुनखडकाचे कण तर नुसत्या डोळ्यालाही वेगळे दिसत नाहीत. म्हणून फोटो मोठा करून ठिपके शोधण्याआधी त्या फोटोचा एक पिक्सेल दगडावर किती जागा व्यापतो, ते काढा.

हिशेब सोपा आहे. फोटोत माणूस उभा असेल तर त्याच्या खांद्याची रुंदी पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास धरा. फोटो मोठा करून, नाहीतर कोणत्याही एडिटिंग ॲपमध्ये उघडून, ते खांदे किती पिक्सेलमध्ये बसतात ते बघा. साडेचारशे पिक्सेल भरले तर एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. मग पाच मिलिमीटरचा ग्रॅनाइटचा कण पाच पिक्सेलचा ठिपका म्हणून दिसायलाच हवा. वाळूचा कण मात्र त्या फोटोत दिसणारच नाही, शोधत बसण्यात अर्थ नाही. माणूस दगडापासून चार पावलं पुढे उभा असेल तर हे माप चुकतं. अगदी दगडाला टेकून उभा असलेला माणूसच धरा.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती ग्रॅनाइटची आहे, उंची साधारण सतरा मीटर. उभ्या फोटोत चार हजार पिक्सेल असले आणि त्यात पूर्ण मूर्ती बसवली, तर एक पिक्सेल चार मिलिमीटरहून मोठा होतो. कण त्यात विरून जातात आणि मूर्ती एकसंध गुळगुळीत दिसते. अशा फोटोत ठिपके दिसले नाहीत म्हणून "हा ग्रॅनाइट नाही" म्हणणं चूक.

व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. त्यात चौकोनी ठोकळ्यांची खोटी रवाळी तयार होते, आणि नवखा माणूस तिलाच दगडाचे कण समजतो. दगडाचे कण कधी ओळीत, सारख्या आकाराचे नसतात. फोटो फार मोठा केल्यावर ठिपके सरळ रांगांत दिसू लागले तर ती दाबलेल्या फाइलची करामत आहे. पाठवणाऱ्याला तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मूळ आकारात येतो.

कण काय सांगतात

ग्रॅनाइटमध्ये निदान तीन प्रकारचे ठिपके एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात: काचेसारखा राखाडी क्वार्ट्झ, पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि काळा अभ्रक. ते सहसा कुठल्याही दिशेने रांगा धरत नाहीत, दगडभर सगळीकडे सारखे पसरलेले असतात. स्वयंपाकघरातला ओटा खऱ्या ग्रॅनाइटचा असेल, तर एकदा तो जवळून आणि एकदा तीन-चार पावलांवरून फोटो काढून बघा. लांबून तेच ठिपके कसे नुसते धुरकट राखाडी होतात, ते लक्षात राहील. मात्र दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून मिळणारी बरीचशी काळी फरशी भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतेच. ओटा काळा कुळकुळीत असेल तर हा प्रयोग दुसऱ्याच्या घरी करा.

वालुकाश्मात कण दिसत नाहीत, पण थर दिसतात. वाळू थरावर थर साचून हा दगड झाला आहे, आणि ते थर रंगाच्या पट्ट्यांच्या रूपाने राहतात. ओळखायची खूण अशी, की पट्टा कोरीवकामाला जुमानत नाही. खांबावर नक्षी असो, मूर्तीचा दंड असो, पट्टा त्यातून आरपार जातो, कारण तो कोरणाऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे. काही ठिकाणी दोन आडव्या थरांच्या मध्ये तिरप्या रेघांची बारीक शिवण दिसते. वाहत्या पाण्याने किंवा वाऱ्याने वाळू ढकलली की असे तिरपे थर तयार होतात. फोटोत हे दिसलं तर वालुकाश्माकडे झुकायला हरकत नाही.

चुनखडकालाही थर असतात, पण सहसा सपाट, शांत आणि एकाच रंगाचे. आपल्या अंगणातली शहाबादी फरशी हा चुनखडकच. जिन्याला लावतात तो कोटा आणि जुन्या ओट्यांचा काळा कडप्पाही त्याच कुळातले. शहाबादीची कड बघा, पानांसारखे पापुद्रे दिसतील. काही चुनखडकांत शंख-शिंपल्यांचे तुकडेही असतात. मोठ्या केलेल्या फोटोत अर्धचंद्रासारखी किंवा चक्राकार आकृती सापडली, तर संगमरवर आणि ग्रॅनाइट दोन्ही बाद.

संगमरवर म्हणजे दाबाखाली आणि उष्णतेत भाजून नव्याने स्फटिक झालेला चुनखडक. या भट्टीत थर आणि शिंपले पुसले जातात. उरतात ते एकमेकांत अडकलेले चमकदार स्फटिक. ताजा तुटलेला तुकडा खडीसाखरेसारखा लुकलुकतो. फोटोत स्फटिक क्वचितच दिसतात, शिरा दिसतात. शीर आणि थर यांत गल्लत करू नका. थर समांतर चालतात. शीर वाकडीतिकडी जाते, फुटते, जाड-बारीक होते.

झीज: इथे सर्वात जास्त वेळ द्या

फोटोत कण दिसोत न दिसोत, झीज बहुतेक वेळा दिसते. तीन जागा बघा: कोपरे, जमिनीलगतचा भाग आणि छज्जाखालची सावली.

ग्रॅनाइटचे कोपरे हळूहळू बोथट होतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, पण दगड खचत नाही. मोठ्या शिळांवरून जाड टरफलं सुटतात. हंपीच्या टेकड्यांवर गोल गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात, ते याच प्रकाराने झाले आहेत. तिथे आणखी एक पक्की खूण मिळते. फोडलेल्या शिळांच्या कडेला सारख्या अंतरावर चौकोनी खाचांची ओळ दिसते. खाचा पाडून, त्यांत पाचरी ठोकून दगड सरळ रेषेत फोडायची ही पद्धत कठीण, थर नसलेल्या दगडासाठी. एकट्या खाचांवरून निर्णय देऊ नका, पण ठिपक्यांच्या जोडीला त्या दिसल्या तर शंका उरत नाही.

वालुकाश्म थराथराने सोलतो. आग्र्याच्या किंवा दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या जुन्या भिंतींत एखादाच दगड पुढून पापुद्रा निघून आत गेलेला आणि शेजारचा शाबूत, असं दृश्य नेहमी दिसतं. त्या एका दगडाचे थर बांधताना उभे, भिंतीच्या तोंडाला समांतर बसवले गेले असले, तर तो असा सुटतो. जमिनीपासून गुडघ्या-कमरेएवढ्या पट्ट्यात झीज जास्त असते. जमिनीतली ओल दगडात चढते, सोबत क्षार नेते, आणि वाळताना क्षारांचे स्फटिक कण सुटे करतात. कधी दगडावर जाळीदार खळगे पडतात. ही जाळी दिसली की आपली कोकणातून आलेली मंडळी "हा जांभाच" म्हणतात. जांभ्याची भोकं वेडीवाकडी, नळ्यांसारखी, दगडभर असतात आणि त्याला थर नसतात. वालुकाश्माचे खळगे बहुधा थरांच्या रेषा धरून चालतात.

चुनखडक आणि संगमरवर दोन्ही आम्ल पाण्यात विरघळतात, म्हणून त्यांची झीज पावसाच्या वाटेने वाचायची. जिथे पाऊस थेट धुतो तो भाग फिका आणि स्वच्छ, जिथे छज्जाखाली पाणी पोचत नाही तिथे काळं कवच. शहरी धुरातलं गंधक आणि दगडातला चुना मिळून जिप्सम होतं, त्यात काजळी अडकते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे साफसफाईआधीचे फोटो काढून बघा, पोर्टलंड चुनखडकावर ही काळी-पांढरी वाटणी अगदी ठळक आहे. त्याच इमारतीच्या कठड्यातली शिशाची बुचं आता दगडाच्या वर आलेली दिसतात; शिसं तसंच राहिलं, भोवतीचा दगड विरघळून खाली गेला.

ग्रॅनाइटवर बहुतेक उलटं असतं. पाणी जिथून ओघळतं तिथेच काळे पट्टे, कारण ते शेवाळाचे आणि दगडफुलाचे असतात. थोडक्यात, काळं कुठे आहे हे बघायचं: पाण्याच्या वाटेवर की पाण्यापासून आडोशाला. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात चुनखडकावर आणि संगमरवरावरही ओलं शेवाळ काळं पडतं, तेव्हा ही खूण धुराच्या कोरड्या शहरांत जास्त चालते आणि सह्याद्रीच्या आसपास कमी.

दोघांतला फरक असा, की चुनखडकात कठीण तुकडे, शिंपले, गारगोटीच्या रेघा वर उरतात आणि मऊ भाग खोल जातो, त्यामुळे पृष्ठभाग उंचसखल होतो. संगमरवरात सगळे स्फटिक सारखेच, म्हणून कण सुटत जाऊन नाक, बोटं, अक्षरांच्या कडा एकसारख्या मिटत जातात, जणू फोटो हलला आहे. शेजारचा लोखंडी गज किंवा पितळी पाटी स्पष्ट असेल आणि मूर्तीच तेवढी धूसर, तर कॅमेरा हलला नव्हता.

चकाकी, जरा सांभाळून

ग्रॅनाइटला आरशासारखी चकाकी येते आणि उघड्यावरही बराच काळ टिकते. संगमरवराची चकाकी आतल्या बाजूला टिकते, पावसात मात्र काही वर्षांतच मंद पडते. शहाबादी-कोट्यासारखा दाट चुनखडक पायांनी घासून रेशमी होतो, पण त्यात समोरच्या वस्तूचं स्पष्ट प्रतिबिंब क्वचितच दिसतं. वालुकाश्म सहसा चकाकत नाही. इथे मोठा अपवाद मौर्य काळातला. सारनाथचं सिंहशीर्ष चुनारच्या वालुकाश्माचं आहे, आणि बावीसशे वर्षांनंतरही तुळतुळीत. पाठ्यपुस्तकातला त्याचा फोटो बघून कितीजण त्याला संगमरवर समजतात!

म्हणून चकाकी कशी आहे त्यापेक्षा कुठे आहे ते विचारा. नंदीची पाठ, उंबरठा, हात पोचेल एवढ्या उंचीवरचा खांब एवढंच चकाकत असेल, तर ती हाता-पायांची, तेलाची करामत. ती कोणत्याही दगडाला येते. हात न पोचणाऱ्या उंचीवरही सारखीच चकाकी असेल, तरच ती कारागिराची. पावसात भिजलेला दगड या हिशेबातून सरळ वगळा.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

बदामी, हंपी आणि विजापूर अशा एकत्र सहलीच्या अल्बममधला एक फोटो घेऊ. नाव लिहिलेलं नाही. एक जाड चौकोनी खांब, त्याला टेकून एक मुलगी, मागे अंधार. दगड गुलाबी-तांबूस.

तिचे खांदे चारशे पिक्सेलच्या आसपास. ती मोठ्या माणसापेक्षा बारीक आहे, म्हणून खांदे चाळीस सेंटिमीटर धरले, तर एक पिक्सेल एक मिलिमीटर. ग्रॅनाइट असता तर ठिपके दिसायलाच हवे होते. खांबाचा उन्हातला भाग मोठा करून बघितला, ठिपके नाहीत. ग्रॅनाइट जवळजवळ बाद.

आता पट्टे. खांबावर फिकट आणि जांभळट पट्टे आडवे जातात. मधल्या नक्षीच्या गोलात ते थांबत नाहीत, नक्षीच्या उंच भागावरून आणि खोल भागातून तसेच पुढे जातात. एका जागी आडव्या पट्ट्यांमध्ये तिरप्या रेघा आहेत. संगमरवराच्या शिरा अशा समांतर चालल्या नसत्या. रंग लावलेला असता तर तो नक्षीच्या खोबणीत साचला असता. चुनखडकाची शक्यता उरते, म्हणून खाली बघितलं. खांबाच्या तळाशी पापुद्रे सुटले आहेत, खालून गुडघ्यापर्यंत, आणि सुटलेल्या जागी पृष्ठभाग खरबरीत आहे, विरघळल्यासारखा गुळगुळीत नाही. शिंपला कुठेच नाही. हा वालुकाश्म, आणि या सहलीत तो बदामीचाच. तिथल्या तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८चा शिलालेख आहे, आणि सगळी लेणी याच दगडाच्या कड्यात कोरलेली आहेत.

त्याच अल्बममधला हंपीचा खांब शेजारी ठेवला तर फरक लगेच कळतो: पट्टे नाहीत, ठिपके आहेत, कोपरे बोथट पण पापुद्रे नाहीत. पण हंपीच्या हजारराम मंदिराच्या मंडपातले काळे गुळगुळीत खांब त्याच मापाने मोजू नका, तो भोवतालच्या ग्रॅनाइटहून वेगळा काळा दगड आहे. विजापूरचा गोलघुमट आपल्या ओळखीच्या बेसाल्टचा: ठिपके नाहीत, थर नाहीत, कुठे कुठे बारीक भोकं किंवा पांढरे दाणे. हे तिन्ही एकत्र दिसलं की चार नावांच्या यादीबाहेर पडायचं. बेलूर-हळेबीडचे फोटोही यादीबाहेरच. तिथला सोपस्टोन ताजा असताना मऊ असतो. दागिन्यांची साखळीसुद्धा मागून सुटी कोरलेली दिसते, ते ग्रॅनाइटमध्ये फार अवघड.

पांढरं दिसलं की

पांढऱ्या इमारतीत पहिला प्रश्न दगडाचा नव्हे, गिलाव्याचा. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि खालचा काही भाग संगमरवरी, पण भिंतींचा बराच भाग चुन्याच्या गिलाव्याचा आहे. लांबून फोटोत दोन्ही पांढरेच. गिलाव्यावर बारीक केसांसारख्या तडा नकाशासारख्या पसरतात आणि गिलावा निघाला की आत काळा दगड दिसतो. संगमरवरात सांधे दिसतात, आणि शीर सांध्याशी येऊन तुटते, कारण शेजारची लादी दुसऱ्या तुकड्यातली असते. ताजमहालाचा जवळून काढलेला फोटो घेऊन ही तपासणी एकदा करून बघा.

संगमरवर आणि पांढुरका चुनखडक यांत मात्र फोटो कधी कधी हरतो. पातळ जाळीच्या मागे उजेड असेल आणि कडा आतून उजळल्यासारख्या दिसल्या, तर संगमरवर. शीर, शिंपला, थर, झीज यातलं काहीच नसेल आणि दगड आतल्या भिंतीवर पॉलिश करून लावलेला असेल, तर ठरवता येत नाही. जुन्या लिखाणात आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पांना 'अमरावतीचा संगमरवर' म्हटलेलं सापडतं, प्रत्यक्षात तो चुनखडक आहे. तेव्हा फोटोखाली 'पांढरा, चुन्याच्या जातीचा दगड' एवढंच लिहावं.

अजून फोटो मागवता येत असतील तर पाठवणाऱ्याला नेमकं सांगा: सकाळी किंवा संध्याकाळी, उजेड बाजूने येत असताना, फ्लॅश बंद ठेवून, हातभर अंतरावरून, दगडाच्या तुटक्या कडेचा एक फोटो. शेजारी दहा रुपयांचं नाणं धरा, ते सत्तावीस मिलिमीटरचं असतं, त्यावरून पिक्सेलचा हिशेब लगेच होतो. दुसरा फोटो छज्जाखालच्या सावलीचा. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून बुडबुडे बघायची परीक्षा घरच्या शहाबादीच्या तुकड्यावर करा. वास्तूवर अजिबात नको, डाग पडतो आणि संरक्षित स्मारकावर तो गुन्हा ठरू शकतो.